‘म्युझियम पॉलिश’ करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध

पितृपक्ष संपत आला की आमच्या भागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडच्या चंदगडपर्यंत, जुन्या वाड्यांची दारं ठोठावणारे लोक फिरायला लागतात. खंडेनवमी तोंडावर आलेली असते आणि माळ्यावरच्या तलवारी पावसाळ्यानं गंजलेल्या असतात. हातात अल्बम, त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो, तोंडी ‘संग्रहालयाची पद्धत’. खानापूर तालुक्यातल्या एका घरी अशाच एकानं पाच हत्यारं नेली. त्यातल्या दोन तलवारींचं नुकसान भरून न येणारं आहे. काय झालं ते इथे तपशिलात लिहितो आहोत, म्हणजे पुढच्या घरी लोकांना नेमके प्रश्न विचारता येतील.

घरात लांब सरळ पात्याची एक धोप, दोन तलवारी, एक कट्यार आणि एक दांडपट्टा होता. एका तलवारीच्या मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी होती, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेली सोन्याची नक्षी. दुसरीचं पातं जौहरदार पोलादाचं, म्हणजे पाण्यावर तवंग पसरावा तशी नक्षी पोलादातच असलेलं. माणूस म्हणाला, “आप्पा, काळजी करू नका की. केमिकलनं गंज काढून वरनं कोटिंग करतो. वीस वर्षं हात लावायला नको.” अठरा हजार ठरले, अर्धे आगाऊ. शिवाय सात हजारांची एक लाकडी पेटी, तिच्यात आर्द्रतेचं काट्याचं मीटर आणि सिलिका जेलच्या पुड्या. बावीस दिवसांनी हत्यारं आरशासारखी चकाकत परत आली. घरची मंडळी खूश झाली. पुढच्या जूनमध्ये पहिला ठिपका दिसला.

या चकाकीचा उलगडा करायला फार उपकरणं लागली नाहीत, एक दहापट भिंग आणि एक टॉर्च पुरली. टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरली की बफिंगच्या चाकाच्या खुणा दिसतात. गंजाच्या प्रत्येक खड्ड्यामागे एका दिशेनं ओढलेली धूमकेतूसारखी शेपटी असते, कारण चाकाचं कापड खड्ड्याची कड एका बाजूनं खात जातं. पात्यावरच्या नाळीच्या, म्हणजे लांबीनं जाणाऱ्या खाचेच्या, कडा धारदार राहत नाहीत, साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. कोरलेली अक्षरं उथळ होतात. धोपेच्या पाठीवर मुठीजवळ चार अक्षरं होती, त्यातली दोन आता बोटानं लागतात पण डोळ्यांनी वाचता येत नाहीत.

कोफ्तगिरीचं काम समजून घेतलं की सोनं कसं गेलं ते कळतं. कारागीर लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढून ते खरखरीत करतो आणि त्यावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवतो. सोनं लोखंडाला चिकटलेलं नसतं, फक्त त्या खाचांत अडकलेलं असतं, आणि थर कागदापेक्षा पातळ. या मुठीवर आधी अॅसिड पडलं. अॅसिड सोन्याला काही करत नाही, ते सोन्याच्या कडेनं आत शिरून खालचं लोखंड खातं. आधार गेला की चाकाच्या एका फेऱ्यात सोनं उडतं. परजेच्या, म्हणजे मुठीवरच्या बोटं झाकणाऱ्या कमानीच्या, आतल्या बाजूला, जिथे चाक पोचलं नाही, तिथे अजून फुलं शिल्लक आहेत. बाहेरच्या बाजूला फक्त खरखरीत रेघा उरल्या आहेत.

अॅसिड कोणतं? त्यानं ‘जर्मन केमिकल’ म्हटलं होतं. लक्षणं हायड्रोक्लोरिकची, म्हणजे फरशी-संडास धुवायला हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तेच. त्याचा खरा धोका नंतर दिसतो. त्यातलं क्लोराइड खड्ड्यांच्या तळाशी आणि मुठीच्या आत राहतं, साध्या पाण्यानं धुवून निघत नाही. एरवी स्वच्छ लोखंडाला हवेची आर्द्रता साधारण साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की गंज वेगानं चढतो. क्लोराइड असेल तर तो त्याच्या कितीतरी खालीही चालूच राहतो. म्हणून जुलैत जौहरदार तलवारीच्या मुठीच्या तोंडाशी पिवळसर-तपकिरी थेंब जमायला लागला. पुसला की चार दिवसांनी परत. हा थेंब दिसला की समजावं, बहुधा हत्यार अॅसिडात बुडवलं गेलं आहे आणि अॅसिड आतच राहिलं आहे.

मूठ हलायलाही लागली होती. आपल्याकडच्या लोखंडी मुठींत पात्याची शेपटी लाखेत बसवलेली असते, लाखेत बहुधा विटेची पूड मिसळून. लाख सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडते. उकळत्या पाण्यात धुणं किंवा चाकावर मूठ तापवणं, दोन्हींनी ती पकड सोडते. तलवार कानाजवळ धरून हलकेच हलवली की आतून खुळखुळ ऐकू येते.

वरचं कोटिंग म्हणजे साधी पारदर्शक लॅकर निघाली. ती गंजाच्या खड्ड्यांवर आणि बोटांच्या ठशांवर मारलेली. लॅकरच्या खालून गंज धाग्यासारखा वळवळत पसरतो आणि वर चकाकी तशीच राहते, त्यामुळे घरच्यांना कित्येक महिने काही कळलंच नाही. वर तोच माणूस फोनवर म्हणाला की जौहर दिसत नसेल तर ‘परत आणून देतो’, चार हजार प्रत्येकी. यात अर्धं सत्य आहे म्हणून जास्त फसायला होतं. जौहर पोलादाच्या पोटात असतो, घासलेल्या पृष्ठभागावर आम्ल लावून तो बऱ्याचदा परत उठवता येतो. पण त्यासाठी पुन्हा पोलाद खावं लागतं आणि मूळ पृष्ठभाग काही परत येत नाही. फसवणारा आधी झाकतो, मग झाकलेलं उघडायचे पैसे मागतो.

आता ती पेटी. आतलं मीटर भर पावसात पंचेचाळीस दाखवत होतं. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो, तिथे पंचेचाळीस हा आकडाच संशयास्पद. मीटर तपासायची पद्धत स्वयंपाकघरातली आहे. एका झाकणात दोन चमचे मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. ते झाकण आणि मीटर एका घट्ट झिपच्या पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. आत आर्द्रता पंचाहत्तर टक्के होते, हवामान कुठलंही असो. मीटरनं सत्तर ते ऐंशीच्या मध्ये दाखवलं तर फरक लिहून ठेवून वापरता येतं. या मीटरनं अठ्ठेचाळीस दाखवलं.

सिलिका जेलच्या पुड्या दहा होत्या, पाच-पाच ग्रॅमच्या. पेटी १२० बाय ४० बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे एकशेवीस लिटर. संग्रहालयांत घट्ट बंद पेटीसाठी घनमीटरला वीस किलो हा जुना अंदाज वापरतात, त्या हिशेबानं इथे जवळपास अडीच किलो हवं. पन्नास ग्रॅम का पुरत नाही? पेटीतल्या हवेत पाणी फार नसतंच, पावसाळ्यात दोन-अडीच ग्रॅम. पाणी असतं म्यानात. अर्धा किलो लाकडाच्या म्यानात पावसाळ्यात साठ-सत्तर ग्रॅम पाणी सहज मुरतं, चामडं आणि मखमल वेगळी. शिवाय लाकडी पेटीच्या फटींतून रात्रभर नवी ओल येत राहते.

म्हणून संग्रहालयं सहसा पातं म्यानात ठेवत नाहीत. पातं वेगळं, म्यान वेगळं. पाती आणि लोखंडी मुठी पन्नास टक्क्यांच्या खाली, रबरी नव्हे तर सिलिकॉनच्या पट्टीच्या घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन पेटीत. रबरातून गंधक सुटतं, चांदीकाम काळं पडतं. म्यानं आणि चामड्याच्या ढाली मात्र इतक्या कोरड्या ठेवू नयेत, त्या तडकतात. त्यांना पंचेचाळीस ते पंचावन्न आणि हवेशीर कपाट. जेल नारिंगी रंगाचं घ्या. ते हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तीनेक तास, की पुन्हा नारिंगी. निळं-गुलाबी होणारं जेल टाळा, त्यात कोबाल्ट असतं. अथणी-चिकोडीकडे वर्षातून दोन-तीनदा भाजलं तरी भागतं, खानापुरात पावसाळ्यात दर आठवड्याला पाहावं लागतं.

हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, सुती मोजे मुठीवरून घसरतात. पातं उपसताना म्यान मुठीत आवळू नका. जुन्या म्यानाची शिवण उकललेली असते आणि धार आतून बोटं कापते. म्यान पाठीच्या बाजूनं खालून धरायचं, धार आकाशाकडे, आणि पात्याची पाठ म्यानाला टेकवत सावकाश बाहेर.

स्वच्छता म्हणाल तर संग्रहालयाची पद्धत इतकी संथ आहे की तिचे ‘आधी-नंतर’चे फोटो काढावेसेच वाटत नाहीत. प्रथम मऊ ब्रशनं कोरडी धूळ. मग कापसाच्या बोळ्यावर रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन घेऊन जुनं तेल काढायचं, बोळा घासायचा नाही, लाटण्यासारखा फिरवायचा आणि मळला की टाकायचा. पांढरं कापड फिरवून नारिंगी डाग येतो का पाहायचा. येत असेल तर गंज जिवंत आहे. त्या ठिपक्यावर शिलाई मशीनचं तेल रात्रभर ठेवून सकाळी बांबूच्या टोकदार काडीनं खरवडायचं. साध्या, नक्षी नसलेल्या पात्यावर फार तर ‘चार शून्य’ नंबरची स्टील वूल, तेलासह, लांबीच्या दिशेनं. सोनं-चांदी, जौहर किंवा अक्षरं असतील तिथे तीही नाही. नारिंगी पूड थांबली की आपणही थांबायचं. काळपट-तपकिरी घट्ट थर उरतो तो राहू द्यायचा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ थर, काही मिनिटांनी सुती कापडानं पुसून. खोबरेल नको, ते खवट होऊन आम्ल सोडतं. पितळेचं पॉलिश नको, चिंच-लिंबू तर नाहीच.

खंडेनवमीला लिंबू पात्यावर कापतात, ओलं हळद-कुंकू लावतात. पूजा करूच नका असं कुणी म्हणत नाही. पात्यावर मेण असू द्या, गंध-कुंकू पात्याखालच्या ताटातल्या अक्षतांवर वाहा, लिंबू सुरीनं कापा, आणि त्याच संध्याकाळी पुसून ठेवा. दसऱ्यापर्यंत ओलं राहिलेलं कुंकू लोखंडात उतरतं.

कुणाला काम द्यायचंच असेल तर देण्याआधी प्रत्येक वस्तूचे पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, अक्षरांचे जवळून. वजन किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये लिहा. या घरी ते नव्हतं, त्यामुळे पट्ट्याचं पातं तेच आहे का, हेही आज सांगता येत नाही. कामाच्या कागदावर कोणतं रसायन, किती वेळ, चाक वापरणार का, हे लिहून मागा. खरा जतनतज्ज्ञ हे विचारायच्या आधी लिहून देतो आणि कामाची जागा दाखवतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन विभाग आहे, लखनौला सांस्कृतिक वारशाच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. शंका असेल तर आधी तिथे विचारा.

खानापूरची पाती आता म्यानाबाहेर कोरड्या पेटीत, पस्तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवली आहेत. लॅकर पात्यावरून अॅसिटोनच्या बोळ्यानं काढली, पण मुठीपासून चार बोटं अंतर सोडून, कारण अॅसिटोन लाखेपर्यंत जाता कामा नये. त्या चार बोटांत लॅकर अजून आहे. जौहरदार तलवारीच्या मुठीच्या तोंडाशी थेंब आता पंधरा-वीस दिवसांनी येतो, आणि दर वेळी त्याची तारीख वहीत लिहिली जाते.