बक्षीसपत्रात 'भाचा' ऐवजी 'चिरंजीव' लिहिलं आणि माझे 1,43,600 रुपये गेले

दोन महिने लिहू की नको करत होतो कारण लाज वाटते, पण परवा ऑफिसमधला एकजण, मला फसवणारा एजंट बसतो त्याच रांगेतल्या दुसऱ्या टेबलवर बक्षीसपत्र करायला चाललाय कळलं म्हणून लिहितोय. शहराचं, ऑफिसचं, एजंटचं नाव लिहीत नाही, वकिलांनी सांगितलंय.

माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण, माझी मावशी. मूलबाळ नाही, काका 2015 ला गेले. काकांच्या मागे फ्लॅट तिच्या नावावर झाला, महापालिका हद्दीतला. शेवटची सहा वर्षं तिचं सगळं मी आणि बायकोने केलं, आणि तिनेच हट्ट धरला की मी असतानाच तुझ्या नावावर करते, मागाहून दिरांच्या मुलांशी भांडण नको. म्हणून नोव्हेंबर 2022 मध्ये बक्षीसपत्र.

दस्त लिहिणारा एजंट दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारा, ओळखीतूनच मिळालेला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, साहेब तुम्ही भाचे, मुलगा असता तर 200 रुपयांच्या स्टॅम्पवर झालं असतं, भाच्याला पूर्ण ड्युटी लागते. हे खरंच आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर ड्युटी 200 रुपये, वर स्थानिक संस्थेचा 1 टक्का. भाऊ, बहीण, आईवडील यांना 3 टक्के. भाचा पुतण्या कशातच नाही, आमच्याकडे 5 अधिक 1 असे 6 टक्के. मी घरी येऊन शोधलं तर तो बोलला तेच निघालं, आणि तिथेच माझा विश्वास बसला. जो माणूस जास्तीची ड्युटी स्वतःहून सांगतोय तो फसवेल असं कोणाच्या डोक्यात येईल?

बाजारमूल्य 24,00,000 निघालं. ड्युटी 1,44,000, नोंदणी फी 24,000, त्याची फी 12,000. एकूण 1,80,000. मी 1,30,000 ऑनलाइन पाठवले आणि 50,000 रोख दिले. चलन मी भरतो म्हणाला, तुम्हाला जमणार नाही, चुकलं तर रिफंडला वर्ष जातं. मला जमलं असतं. लाइट बिलापासून इन्कम टॅक्सपर्यंत सगळं मीच भरतो. पण मावशीचं डायलिसिस चालू होतं, तिला व्हीलचेअरवर एकदाच न्यायचं होतं, काही अडायला नको एवढंच डोक्यात होतं.

आता ती जागा, जी मी रोज आठवतो.

ड्राफ्ट त्याने आदल्या संध्याकाळी प्रिंट करून दिला, 11 पानं. मी तो वाचला, न वाचता सही करणारा मी नाही. फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, चतुःसीमा, दोघांचा पॅन, मावशीच्या आडनावातली वेलांटी, सगळं पेन घेऊन तपासलं, दोन चुका काढल्या, त्याने लगेच दुरुस्त केल्या. आणि दुसऱ्या पानावर, जिथे 'कारणे बक्षीसपत्र लिहून देते की' नंतर मिळकत कशी आली, कोण कोणाचं कोण हे येतं, तिथे लिहिलं होतं 'लिहून घेणार हे लिहून देणार यांचे चिरंजीव असून त्यांनी लिहून देणार यांचा सांभाळ केलेला आहे'.

मी ते वाक्य वाचलं. चिरंजीव. आपल्याकडे लग्नपत्रिकेत चि., आजीच्या पत्रात चि., कुठल्याही लहान माणसाला चि. लावतात, मला वाटलं मायेने लिहिलंय. दुसऱ्या दिवशी त्याने मावशीला वाचून दाखवलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, म्हणाली बरोबर लिहिलंय, मुलगाच आहे माझा. मी काय बोलणार होतो त्यावर? पण दस्तात चिरंजीव म्हणजे मुलगा, दुसरा अर्थ नाही. आणि पान 3 वर आणखी एक ओळ होती, 'लिहून देणार यांना लिहून घेणार यांचेव्यतिरिक्त अन्य अपत्य नाही'. ती मी वाचलीच नाही, सगळ्या दस्तात असतो तसला मजकूर समजून पुढे गेलो.

पहिल्या पानावर माझं नाव वडिलांच्या नावासकट बरोबर होतं, मावशीचं काकांच्या नावासकट बरोबर होतं. नुसतं पहिलं पान आणि दुसरं पान शेजारी ठेवलं असतं तरी दिसलं असतं, की ज्याचं मधलं नाव वेगळं तो हिचा मुलगा कसा. नावं तपासताना आपण स्पेलिंग बघतो, नातं बघत नाही. तुम्ही ड्राफ्ट हातात घेतला की आधी मुलगा, चिरंजीव, कन्या, पत्नी, सून, वारस, अपत्य या शब्दांखाली पेनने रेघ मारा, आणि प्रत्येक रेघेसमोर आधारवरचं मधलं नाव लावून बघा.

नोंदणी झाली, अंगठे, फोटो, दोन ओळखदार, अर्ध्या तासात बाहेर. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, हातात दिली. त्यात रकाना 12 मुद्रांक शुल्काचा, 13 नोंदणी शुल्काचा. त्यात 24,200 आणि 200 लिहिलेलं होतं. म्हणजे ड्युटीचे 200, 1 टक्क्याचे 24,000 आणि नोंदणी फी 200. माझ्याकडून घेतले 1,68,000, सरकारला भरले 24,400, खिशात 1,43,600. फी वेगळी. खाली ड्युटी लावताना कुठला अनुच्छेद निवडला तेही छापलेलं असतं. मी कागद फोल्डरमध्ये टाकला आणि मावशीला गाडीत बसवलं. तिला चक्कर येत होती, त्या वेळी कोण रकाने वाचतं. पण चुकलं ते चुकलं. पैसे देताना सांगितलेली रक्कम आणि हा रकाना तिथल्या तिथे, एजंटच्या समोर जुळवा.

मावशी ऑगस्ट 2023 मध्ये गेली.

जानेवारी 2025 मध्ये मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस. तपासणीत दस्ताला जोडलेलं माझं आधार आणि मजकुरातलं नातं जुळलं नाही. कमी भरलेली ड्युटी 1,19,800, त्यावर दरमहा 2 टक्के दंड, 26 महिन्यांचे 62,296. एकूण 1,82,096, आणि नोंदणी फीचा फरक 23,800 वेगळा. दंडात सूट देणारी 2023 ची अभय योजना विचारली तर ती 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या दस्तांना होती. मी एकदा ड्युटी पूर्ण दिलेली आहे, 1,30,000 माझ्या खात्यातून गेलेले दिसतात, तरी दंडही मीच भरायचा.

एजंटला गाठलं तर म्हणाला ड्राफ्ट तुम्ही तपासलात, पेनने दुरुस्त्या तुमच्या हातच्या आहेत, नातं तुम्हीच सांगितलं असेल, मी लिहिणारा. म्हणजे मी काळजीने वाचलं हाच माझ्याविरुद्ध पुरावा झाला! 1,30,000 चं विचारलं तर म्हणे उसने घेतले होते, परत केले रोख.

नोंदणी कार्यालयात साहेब म्हणाले आम्ही मजकूर खरा की खोटा बघत नाही, सही करणारा तोच माणूस आहे का, दस्त त्याला मान्य आहे का एवढंच बघतो. नियमाने बरोबर असेल. पण 200 रुपयांची सवलत नात्यावर द्यायची आणि नात्याचा एक कागद मागायचा नाही, आधार समोर जोडलेलं असताना त्यावरचं मधलं नाव वाचायचं नाही, आणि दोन वर्षांनी त्याच आधारवरून मला चोर ठरवायचं, हे कुठलं काम? एजंटच्या टेबलाबद्दल विचारलं तर तो आमचा माणूस नाही. मग त्याला आत कॉम्प्युटरशेजारी उभं कोण राहू देतं? पोलीस स्टेशनला चार वेळा गेलो. पहिल्यांदा दिवाणी मॅटर आहे, दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्यांदा फ्लॅट तर तुमच्या नावावर झाला ना मग फसवणूक कसली, चौथ्यांदा खोट्या मजकुरावर सही तुमची आहे, गुन्हा नोंदवला तर पहिला तुमच्यावर येईल. अर्जावर आवक नंबर घेऊन आलो, बस. मुद्रांक कार्यालयात एक बाई नीट बोलल्या, पण त्याही म्हणाल्या आम्ही दस्त बघतो, पैसे मध्ये कोणी खाल्ले ते आमच्याकडे येत नाही.

चलन स्वतः भरा. gras.mahakosh.gov.in वर स्वतःच्या बँकेतून भरता येतं, आणि कोणाला भरायला दिलंच तर चलनाची प्रत घेऊन रक्कम वाचल्याशिवाय सहीला बसू नका.

दंडापेक्षा मोठं दुखणं पुढे आहे. काकांच्या पुतण्यांनी दस्ताची नक्कल काढली. मूल नसलेल्या बाईला नवऱ्याकडून आलेली मिळकत मागे नवऱ्याच्या वारसांकडे जाते, म्हणजे बक्षीसपत्र पडलं तर फ्लॅट त्यांचा. आणि त्यांच्या हातात आम्हीच कागद दिलाय, 'चिरंजीव', 'अन्य अपत्य नाही'. आजारी बाईकडून खोटं लिहून सही घेतली असं म्हणतायत. वकील म्हणाले नुसतं नातं चुकीचं लिहिल्याने बक्षीस आपोआप रद्द होत नाही, देणारी तीच, घेणारा तोच, फोटो अंगठा पॅन आहे, दोन साक्षीदार आहेत. पण चूक दुरुस्ती पत्र करायला मावशीची सही लागते, आणि ती नाही. ती असताना कळलं असतं तर साध्या दुरुस्ती पत्राने नातं नीट झालं असतं, फरकाची ड्युटी भरली असती, विषय संपला असता. आता कोर्टात दुरुस्तीचा दावा. म्हणून दस्त झाल्यावर त्याच आठवड्यात पुन्हा एकदा शांतपणे वाचा, देणारा माणूस म्हातारा असेल तर नक्कीच.

'भाचा' सुद्धा मोघम आहे, बाईला भावाचाही मुलगा भाचाच. 'लिहून देणार यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा मुलगा' असं बहिणीच्या नावासकट लिहून घ्या. गंमत नाही, इन्कम टॅक्सला हे लागतं, तिथे आईवडिलांचे सख्खे भाऊ बहीण नातेवाईकात धरतात आणि मावशीने दिलेल्या बक्षिसावर टॅक्स नसतो, म्हणजे खरं नातं लिहिलं असतं तर मला लपवण्यासारखं काहीच नव्हतं. आणि सुनेच्या बाबतीत तर अजून जपा. मुलगा हयात असेल तर सुनेला 200 ची सवलत नाही, मुलगा वारलेला असेल तर आहे, पण मग दस्तात 'सून' एवढंच नको, 'मयत मुलगा अमुक यांची पत्नी' हवं आणि मृत्यूचा दाखला जोडायला हवा.

हे सगळं मी मार्चमध्ये निषेध नोंदवून भरलं, दर महिन्याला 2 टक्के वाढत होतं. दाव्याची तयारी चालू आहे. नातं सिद्ध करायला आई आणि मावशी दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले लागतायत, दोघींच्या वडिलांचं नाव एकच दिसलं पाहिजे. आईचा घरात मिळाला. मावशीच्या शाळेत दोनदा जाऊन आलो, जुनं रजिस्टर माळ्यावर आहे म्हणतात, सोमवारी परत बोलावलंय.