आवाज मोजायचं मीटर: आठ महिने वापरल्यानंतर

मी एका ढोल-ताशा पथकात आहे. वाजवण्यासोबत पथकाच्या सामानाची जबाबदारीही माझ्याकडेच असते. आमचा सराव डेक्कनच्या बाजूला नदीपात्रात चालतो. मागच्या वर्षी समोरच्या इमारतीतल्या एक काकू सरावाच्या ठिकाणी आल्या. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, ह्यांचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळी झोप लागत नाही. निम्मे ढोल तरी कमी करता येतील का?" त्यांना खरं उत्तर द्यायचं, तर आधी मोजायला हवं होतं. म्हणून जूनमध्ये हातात धरायचं डेसिबल मीटर घेतलं. सराव, मिरवणूक आणि त्यानंतरचे काही महिने ते वापरून झालं, म्हणून आता लिहितोय.

आधी मीटरबद्दल. स्क्रीन रात्रीही नीट दिसते, बॅटरी बरीच टिकते आणि A-C, फास्ट-स्लो अशी बटणं आहेत. सरावाला मी 'स्लो' ठेवतो, म्हणजे टिपऱ्याच्या प्रत्येक ठोक्याला आकडा उड्या मारत नाही. स्पंजची टोपी काढून नदीकाठी मोजू नका. नुसत्या वाऱ्याने आकडा चढतो, आणि कोणी वाजवत नसताना तो चढला तर दोष वाऱ्याचाच असतो. खरी तक्रार वेगळी आहे. पावसाळ्यानंतर एका मित्राच्या कॉलेजच्या लॅबमधला कॅलिब्रेटर लावून पाहिला. तो 94 डेसिबलचा ठरावीक सूर देतो, आमचं मीटर 92.4 दाखवत होतं. कंपनीला दोन मेल केले, उत्तर नाही. शेवटी बाजूच्या छोट्या स्क्रूने आम्हीच जुळवलं. पुढचे सगळे आकडे जुळवल्यानंतरचे आहेत.

आता ज्यासाठी मीटर घेतलं ते. एका रविवारी सकाळी मोकळ्या पात्रात एकाच ढोलावर एकाला एकसारखा ठेका धरायला लावला आणि पानासमोर टेप पसरून मोजत गेलो. 2 मीटरवर 98, 4 मीटरवर 92, 8 मीटरवर 86. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल उतरत होते. कारण सोपं आहे: तीच ऊर्जा मोठ्या गोलावर पसरते, अंतर दुप्पट झालं की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. डेसिबल हे त्या तीव्रतेचं लॉग मोजमाप. एका चौरस मीटरला एका वॅटचा लाख-कोटीवा भाग म्हणजे 0 डेसिबल, आणि तिथून तीव्रता दहापट झाली की 10 चढतात. चौथा हिस्सा म्हणजे 6 उतार.

64 मीटरवर हिशेबाने 68 यायला हवेत. मीटरवर आले 69. ढोल थांबवून पाहिलं तर पुलावरच्या रहदारीचे 62 होते, आणि 68 मध्ये 62 मिळवले की 69 होतात. बेरीज अशी का होते? डेसिबल सरळ मिळवायचे नसतात. आधी त्यांची तीव्रता काढायची, ती मिळवायची आणि मग परत डेसिबल करायचे:

```
L = 10*log10(10^(L1/10) + 10^(L2/10))
```

सारखे दोन आवाज एकत्र आले की फक्त 3 वाढतात, सारखे दहा आले की 10. एक आवाज दुसऱ्यापेक्षा 10 ने मोठा असेल तर धाकट्यामुळे अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी फरक पडतो.

आता काकूंचा प्रश्न. आमचे 40 ढोल, 12 ताशे. एक ढोल 64 मीटरवर 68, म्हणजे 40 ढोलांचे 16 वाढून 84. ताशाही असाच एकट्याने मोजला होता: 64 मीटरवर 70. बारा ताशांचे साधारण 11 वाढून 81. दोन्ही मिळून जवळपास 86. काकूंची गॅलरी याच्या दुप्पट, सुमारे 130 मीटरवर, म्हणून 6 वजा करून 80. त्यांच्या परवानगीने गॅलरीच्या कठड्याशी मोजलं तर पूर्ण पथक वाजत असताना आकडा 78 ते 81 मध्ये फिरत होता. भिंतीला टेकून धरलं की दोन डेसिबल जास्त येत होते, कारण भिंतीवरून परतलेला आवाजही मीटरमध्ये जातो. म्हणून मीटर भिंतीपासून आणि स्वतःच्या अंगापासून लांब धरायचं.

आता 40 चे 20 ढोल करून पाहा. ढोलांचे 3 उतरतात, पण ताशे तसेच राहतात. एकूण उतार दोन डेसिबलहूनही कमी. वीस पोरांना घरी बसवून काकूंना फरक जेमतेम जाणवला असता. त्याऐवजी सगळं पथक दुप्पट लांब नेलं तर सरळ 6 उतरतात. मला हे आधी पटलं नव्हतं, म्हणून एका संध्याकाळी वीस ढोल खाली ठेवायला लावले. गॅलरीत दीड ते दोनच उतरले.

एक चूक आम्ही केली होती, ती तुम्ही करू नका. सुरुवातीला मी पूर्ण पथकासमोर 3 मीटरवर उभं राहून मोजलं आणि तिथून 'दुप्पट अंतराला 6' लावत गेलो. ढोलांची रांग 25 मीटर लांब. 3 मीटरवरून 6 मीटरवर गेलो तर 3 च उतरले. जवळून लांबलचक रांग ही एका ठिपक्यासारखी वागत नाही, मागे सराल तसे बाजूचे ढोलही कानाशी येत जातात. ठिपक्याचा नियम रांगेच्या लांबीपेक्षा बऱ्याच लांबवर गेल्यावरच खरा ठरतो. म्हणून एकच ढोल मोजून बेरीज करणं जास्त भरवशाचं.

अजून एक. A वर 80 असताना C वर 88 दिसले. A हे मोजमाप खालच्या स्वरांना कमी धरतं, आणि ढोलाचा मुख्य दणका तिथेच असतो. खिडकीच्या काचा थरथरतात ते A च्या आकड्यात पुरतं दिसत नाही. सरकारी मर्यादा मात्र A मध्येच आहे: निवासी भागात दिवसा 55, रात्री दहानंतर 45. ती ठरावीक काळाची सरासरी असते, म्हणून क्षणाच्या आकड्याशी थेट ताडू नये. पण नुसतं लांब जाऊन 80 चे 55 करायचे, तर हिशेबाने दोन किलोमीटरांहून जास्त जावं लागेल. तेवढ्या अंतरात जमीन, झाडं आणि हवाही आवाज खातात, वाऱ्याची दिशाही बदलते, त्यामुळे इतक्या लांबवर हा साधा हिशेब मी वापरत नाही.

मीटर घेण्यासारखं आहे, पण पावसाळ्यानंतर एकदा कॅलिब्रेटर लावायचाच. आम्ही जागा पात्राच्या दुसऱ्या टोकाला, गॅलरीपासून 260 मीटरवर नेली आणि ढोल चाळीसच ठेवले. काकूंच्या कठड्याशी आता 74 येतात. काका मात्र आठ वाजता झोपतात, म्हणून शेवटचा ठेका आम्ही साडेसातला घेतो.