योगदिनाच्या जाहिरातीतला 'नवशिक्यांचा वर्ग': सहा महिन्यांनंतर

'याआधी कधीच योग केला नसेल तरी या', असं मी नाव घातलेल्या योग स्टुडिओच्या २१ जूनच्या जाहिरातीत होतं. नाव घालताना सगळे फी आणि वेळ विचारतात. ही ओळ कुणी तपासत नाही. म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

योगदिनाच्या मोफत वर्गावरून स्टुडिओ पारखू नका. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी आयुष मंत्रालयाचा ४५ मिनिटांचा ठरलेला क्रम होतो. त्यात प्रार्थना, वीसेक आसनं, प्राणायाम आणि ध्यान, म्हणजे एकेका आसनाला जेमतेम मिनिट. नवख्या माणसाचं काय चुकतंय हे पाहायला शिक्षकाला वेळच मिळत नाही. खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात होते.

इथे ती पादहस्तासनात झाली. नवशिक्याचे हात जमिनीला टेकत नाहीत, कारण मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात आणि ते कंबरेचं हाड पुढे झुकू देत नाहीत. तरी हात टेकवायचेच म्हटलं की उरलेला वाक पाठीतून येतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. इथल्या बाईंनी पावलांसमोर दोन लाकडी विटा उभ्या ठेवल्या, गुडघे थोडे वाकवायला लावले आणि खुब्यातून वाकायला सांगितलं. ताण मांडीच्या मध्यावर जाणवला तर ठीक. बैठकीच्या हाडाशी किंवा कंबरेत ओढ बसली तर वर या, असा त्यांचा साधा नियम. उभ्या विटा आडव्या व्हायला मला दहा आठवडे लागले. त्याबद्दल कुणी घाई केली नाही, हे विशेष.

वज्रासनातही तसंच: पोटऱ्या आणि मांड्यांच्या मध्ये घडी केलेलं ब्लँकेट, घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी. तरी गुडघ्याच्या आत कळ आली तर सरळ खुर्ची.

आता खटकलेलं. नवीन प्रवेश दर महिन्याला याच बॅचमध्ये घेतात. ऑगस्टमध्ये चार जण आले आणि बाईंचा निम्मा वेळ त्यांच्याकडे गेला. जुन्यांनी पुन्हा ताडासनच केलं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. बाई रजेवर असताना आलेल्या बदली शिक्षकांनी सरसकट सगळ्यांना कपालभाती करायला लावली. रक्तदाब, हर्निया, गरोदरपण यांची माहिती फॉर्मवर भरून घेतली होती, पण तो फॉर्म त्यांनी पाहिलाच नव्हता. असा त्रास असेल तर फॉर्मवर विसंबू नका, समोर जो शिकवतोय त्याला तोंडी सांगा.

पैसे भरण्याआधी एक नेहमीचा वर्ग कडेला बसून बघा. मागच्या रांगेतल्या एखाद्याचे हात जमिनीला पोचले नाहीत की शिक्षक वीट आणून देतात, की पाठीवर हात ठेवून खाली दाबतात, तेवढंच बघायचं. दाबत असतील तर नाव घालू नका.