पोस्टची वेळ भारताची धरावी की न्यूयॉर्कची?

बडोद्याच्या दांडिया बाजारात घरगुती फराळ करून परदेशात पाठवणारा एखादा व्यवसाय घ्या. फॉलोअर्स निम्मे बडोदा-पुण्याचे, बरेच न्यू जर्सीचे, थोडे लंडनचे, मूठभर मेलबर्नचे. दिवाळीआधी दर रविवारी एक पोस्ट टाकायची आहे आणि सगळ्या पोस्ट सप्टेंबरातच शेड्यूल करून मोकळं व्हायचं आहे. अशा वेळी वेळापत्रक भारतीय वेळेला बांधावं, की जिथून जास्त ऑर्डर येतात त्या शहराच्या घड्याळाला?

आधी एक गैरसमज दूर करू. पानावरची पोस्ट जगभर एकाच क्षणी प्रसिद्ध होते. "प्रत्येकाला त्याच्या सकाळी आठला दिसेल" अशी सोय काही ईमेल सेवांमध्ये असते, साध्या पोस्टला नसते. त्यामुळे सगळ्यांना सोयीची वेळ शोधण्यापेक्षा कोणाची वेळ हलू द्यायची नाही एवढं ठरवावं. इतरांची हलणारच.

ती हलते कारण भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं, त्यांचं नसतं. न्यूयॉर्क-न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात, हिवाळ्यात साडेदहा. लंडन साडेचार, मग साडेपाच. मेलबर्न उलट आपल्या पुढे, साडेचार किंवा साडेपाच तास. आणि सगळे एकाच दिवशी काटे फिरवत नाहीत, खरी गोची तिथे आहे. २०२६ मध्ये मेलबर्न ४ ऑक्टोबरला बदलतं, लंडन २५ ऑक्टोबरला, न्यू जर्सी १ नोव्हेंबरला. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर तिन्ही घड्याळं सरकून झालेली असतात.

समजा पोस्ट न्यू जर्सीत रविवारी सकाळी आठला हवी. सप्टेंबरात हिशेब केला तर आपली संध्याकाळची साडेपाच येते. तीच भारतीय वेळ शेवटपर्यंत धरून ठेवली, तर पुढे असं होतं:

| रविवार | न्यू जर्सी | लंडन | मेलबर्न |
|---|---|---|---|
| २७ सप्टेंबर | सकाळी ८ | दुपारी १ | रात्री १० |
| ४ ऑक्टोबर | सकाळी ८ | दुपारी १ | रात्री ११ |
| २५ ऑक्टोबर | सकाळी ८ | दुपारी १२ | रात्री ११ |
| १ नोव्हेंबर | सकाळी ७ | दुपारी १२ | रात्री ११ |

न्यूयॉर्कची वेळ धरली तर पहिल्या तीन ओळी जशाच्या तशा राहतात. फरक फक्त शेवटच्या रविवारी पडतो: पोस्ट भारतात साडेसहाला जाते, न्यू जर्सीत आठच वाजलेले असतात, लंडनमध्ये पुन्हा दुपारचा एक, आणि मेलबर्नमध्ये मध्यरात्रीचे बारा, म्हणजे तारीखही बदलून सोमवार.

आता निवड. ऑर्डर मुख्यतः भारतातून येत असतील, किंवा पोस्ट टाकल्यावर लगेच कॉमेंटना उत्तर द्यायला कोणीतरी बसत असेल, तर भारतीय वेळच बरी. उत्तर देणारा माणूस बडोद्यात आहे, त्याचा दिनक्रम तासाभराने सरकवण्यात अर्थ नाही. तिकडे रविवारी आठऐवजी सातला गेलेली पोस्ट लोक उठल्यावर पाहतीलच. पण न्यू जर्सीच्या ऑर्डरवर दिवाळी उभी असेल, तर न्यूयॉर्कची वेळ बांधा. आपल्याकडे साडेपाचचे साडेसहा झाले तरी बडोदेकरांचं काही बिघडत नाही. उलट नवरात्रात रात्री नऊनंतर गावच गरब्याला गेलेलं असतं, तेव्हा या दोन्ही वेळा त्यापेक्षा चांगल्या.

न्यूयॉर्क बांधायचं ठरलं तर सेटिंगमध्ये नाव नीट निवडा. यादीत America/New_York किंवा नुसतं New York असं शहराचं नाव दिसेल ते घ्या. UTC-5 किंवा EST असं लिहिलेलं घेऊ नका. त्यात उन्हाळी वेळेचा नियम नसतो, तो वर्षभर हिवाळ्याचाच फरक धरतो. मग सप्टेंबरातली "सकाळी ८" ची पोस्ट तिकडे प्रत्यक्षात नऊला जाते. IST हे संक्षिप्त नावही टाळा, कारण इस्रायल आणि आयर्लंडही ते वापरतात. Asia/Kolkata लिहिलं की शंका उरत नाही.

साधन नियम पाळतं की नाही, हे पाच मिनिटांत कळतं. २५ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या दोन तारखांना, न्यूयॉर्कच्या सकाळी आठला, दोन कच्च्या पोस्ट शेड्यूल करा. मग त्याच वेळा भारतीय वेळेत पाहा. पहिली ५:३० आणि दुसरी ६:३० दिसली तर ठीक. दोन्ही सारख्या दिसल्या, तर साधन ठरावीक फरक वापरतंय; दिवाळीच्या पोस्ट हाताने दुरुस्त कराव्या लागतील. लिनक्सवर बसणाऱ्यांसाठी पडताळणी आणखी सोपी:

```
TZ="Asia/Kolkata" date -d 'TZ="America/New_York" 2026-11-01 08:00'
```

उत्तर त्याच दिवशीचे १८:३० यायला हवं.

टाइम झोन बदलायचा तर रांगेत एकही पोस्ट नसताना बदला. रांग भरलेली असताना बदलल्यास काही साधनं आकडा कायम ठेवतात, म्हणजे बडोद्याची ५:३० ही न्यूयॉर्कची ५:३० होते, आणि काही साधनं प्रत्यक्ष क्षण तोच ठेवून फक्त दाखवायचा आकडा बदलतात. मेन्यू पाहून हे ओळखता येत नाही. मोबाइलचंही तसंच: अ‍ॅप फोनच्या टाइम झोनवर चालत असेल आणि कोणी मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन तिथून वेळ टाकली, तर तो आकडा तिथला धरला जातो. शेड्यूल केल्यावर वेळेशेजारी कुठलं नाव दिसतं ते वाचून मगच पुढे जावं.

तिकडच्या संध्याकाळी पोस्ट हवी असेल तर तारखेकडे जास्त लक्ष द्या. सप्टेंबरात न्यू जर्सीचे शनिवारचे रात्रीचे आठ म्हणजे आपले रविवारचे पहाटेचे साडेपाच. आकडा बरोबर आणि वार चुकलेला, अशी गडबड इथेच होते, आणि पोस्ट चोवीस तास आधी निघून जाते.

तिसरा पर्याय दोन वेगळ्या पोस्टचा, एक आपल्यासाठी, एक मेलबर्नसाठी. मूठभर लोकांसाठी दर आठवड्याला हे करणं महागात पडतं, कारण बाकीच्यांना तीच चकली दोनदा दिसते. त्यांच्यासाठी स्टोरी टाका. ती चोवीस तास राहते, त्यामुळे कुठल्याही देशात एकदा तरी जाग्या वेळेत सापडते. दुसरी पोस्ट राखून ठेवावी ती फक्त ऑर्डर बंद होण्याच्या सूचनेसाठी. मेलबर्नला संध्याकाळी सहाला ती हवी असेल, तर ४ ऑक्टोबरपासून आपल्या दुपारी साडेबाराला टाकायची.

त्या सूचनेच्या मजकुरातही वेळ दोन्हीकडची लिहा. "१८ ऑक्टोबर रात्री ११:५९ पर्यंत" एवढंच लिहिलं तर न्यू जर्सीचा माणूस रात्री जेवून ऑर्डर द्यायला बसेल आणि फॉर्म बंद सापडेल. "भारतात रात्री ११:५९, न्यू जर्सीत दुपारी २:२९, लंडनमध्ये संध्याकाळी ७:२९" असं लिहिलं की प्रश्न येत नाही. २:२९ विचित्र दिसत असेल तर मुदतच भारतातली रात्री साडेअकराची ठेवा. मग तिकडे दुपारचे दोन आणि लंडनला संध्याकाळचे सात, असे सरळ आकडे येतात.