करवतकाठी साडी विकायची कुठे: शॉपिंग साइटवर की थेट गिऱ्हाइकाला?

घरी हातमाग आहे, करवतीच्या दात्यांसारख्या काठाची, कोशाची म्हणजे टसर रेशमाची करवतकाठी साडी विणता येते आणि मालकाच्या मजुरीवर भागत नाही, अशा नागपूरच्या तरुण विणकरापुढे सध्या दोन वाटा आहेत. एक मोठी शॉपिंग साइट, दुसरी इन्स्टाग्रामवर फोटो टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलेली ऑर्डर.

साइट अनोळखी गिऱ्हाईक आणून देते, हे मान्यच. माझं मन उडालं ते परत येणाऱ्या साड्यांमुळे. कोशाचा नैसर्गिक रंग लॉटगणिक थोडा बदलतो आणि धागा कुठे जाड, कुठे बारीक असतोच. मोबाइलवर सोनेरी दिसलेली साडी हातात घेतल्यावर करडी वाटते. मग 'रंग वेगळा, धाग्यात दोष' असा शेरा मारून ती घडी मोडून परत येते.

आता हिशोब बघा, आकडे उदाहरणापुरते. मागावर एकदा चढवलेल्या उभ्या धाग्यांच्या एका ताण्यावर चार साड्या, साडीमागे सूत-रंगाचे ३,००० आणि विक्री ७,००० रुपयांना. साइटने २० टक्के कापले तर हातात ५,६०० येतात, म्हणजे चार साड्यांवर १०,४०० सुटतात. त्यातली एक परत आली आणि येण्याजाण्याचे ३०० अंगावर पडले, तर ती पुन्हा विकेपर्यंत हातात उरतात फक्त ४,५००. साडीमागे १,८०० मजुरी धरली तर मालकाकडे याच कामाचे ७,२०० मिळाले असते. शिवाय पुढच्या ताण्याचं सूत तेव्हाच घ्यायचं असतं.

थेट ऑर्डरीत निम्मी रक्कम आगाऊ घेतली की सुताचा खर्च निघतो. रंगाचा वादही आधीच मिटवता येतो: ताणा संपताना शेवटी वीतभर नमुने विणून ठेवा आणि पैसे घेण्यापूर्वी एक तुकडा पोस्टाने पाठवा. फोटो फ्लॅशशिवाय, सकाळच्या उजेडात काढा.

इथे अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. काठाचा रंग आणि रुंदी ताण्यातच ठरते, त्यामुळे प्रत्येकीला हवा तो काठ देता येत नाही. काठ ठरलेला ठेवा, निवड अंगाच्या आडव्या धाग्याची, म्हणजे बाण्याची द्या. तीन धोट्यांच्या विणीत अंगाचा बाणा काठात शिरत नाही, म्हणून रंग बदलला तरी काठ स्वच्छ राहतो. नैसर्गिक कोशाच्या ताण्यावर रंगीत बाणा घेतला की धूपछाँव येते, ती मात्र नमुन्यातच दाखवायला हवी.

ऑर्डरी दरमहा सारख्या येत नाहीत, हे खरं. माग एकच असेल तर मालकाचा ताणा अर्ध्यात उतरवता येत नाही. म्हणून आगाऊ रकमेच्या चार ऑर्डरी जमेपर्यंत मजुरीचं काम सोडू नका, आणि डिलिव्हरीची तारीख मालकाचा ताणा कधी उतरेल ते पाहूनच द्या. स्टोल, दुपट्ट्यांसाठी साइट चालून जाईल. त्यात अडकणारी रक्कम लहान असते. साडीसाठी मात्र माझा कल व्हॉट्सअ‍ॅपकडेच आहे. पहिली गिऱ्हाइकं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यात मिळू शकतात, कारण तिथे माणूस कापड हाताळून मगच नंबर देतो.