किती महिने अपघात मोजायचे? फॉर्म्युला, एक्झॅक्ट पद्धत, की ठरावीक आकडा गाठेपर्यंत मोजत राहायचं

समजा एका चौकातल्या अपघातांचा महिन्याचा रेट काढायचाय. आधीच्या नोंदींवरून महिन्याला साधारण 2 वाटतायत आणि साहेबांना उत्तर अर्ध्या अपघाताच्या आत हवंय, म्हणजे 2 अधिक-उणे 0.5, तेही 95 टक्के खात्रीने. किती महिने मोजायचं? याला तीन रस्ते आहेत आणि तिघांची उत्तरं वेगवेगळी येतात, म्हणून कुठला कधी घ्यायचा ते जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट. अपघातासारख्या एकमेकांपासून स्वतंत्र घटना किती झाल्या याच्या मोजणीसाठी पॉयसन हे गणिती मॉडेल वापरतात, आणि त्यात सॅम्पल साइज म्हणजे माणसं किंवा फॉर्म नाहीत, तर एकूण निरीक्षणाचा काळ (कारखान्यात मोजत असाल तर कामाचे तास, रस्त्यावर वाहन-किलोमीटर). 1 चौक 40 महिने बघा नाहीतर 10 चौक 4-4 महिने, दोन्हीकडे 40 चौक-महिनेच होतात. फक्त दुसऱ्यात जो रेट मिळतो तो दहाही चौकांचा सरासरी असतो, तुमच्या त्या एका चौकाचा नाही. हे विसरून लोक चौक वाढवतात आणि मग एकाच चौकावर निर्णय घेतात.

पहिला रस्ता सगळ्यांना माहीत असलेला, नॉर्मल वक्रावर आधारलेला फॉर्म्युला. यात T म्हणजे काळ, λ म्हणजे महिन्याचा रेट, E म्हणजे चालणारी चूक आणि 1.96 हा 95 टक्के खात्रीचा आकडा:

```
T = (1.96)^2 * λ / E^2
  = 3.84 * 2 / 0.25 = 30.7
```

म्हणजे 31 महिने. दोन मिनिटांचं काम, कागदावर होतं, बजेट मीटिंगला एवढं पुरतं. पॉयसनमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स सारखेच असल्यामुळे व्हेरियन्स वेगळा शोधावा लागत नाही, सगळं λ वरच चालतं. अडचणही तिथेच आहे, कारण जे मोजायला निघालोय तेच आधी माहीत असल्यासारखं धरावं लागतं. खरा रेट 3 निघाला तर 31 महिन्यांनी अधिक-उणे 0.5 च्या जागी 0.61 मिळेल. आणि हा सुरुवातीचा 2 आला कुठून तेही बघा. गेल्या वर्षी अपघात जास्त झाले म्हणूनच हा चौक निवडला असेल तर तो आकडा बहुतेक वेळा मुळातच फुगलेला असतो, पुढच्या वर्षी काहीही न करता खाली येतो. त्यामुळे शक्य असेल तर निवडीच्या आधीची तीन-चार वर्षं घ्या.

दुसरा रस्ता एक्झॅक्ट पद्धतीचा, गारवूडने 1936 मध्ये दिलेली, काय-स्क्वेअरवर चालणारी. याला सरळ फॉर्म्युला नाही, T वाढवत वाढवत रेंज तपासायची. फॉर्म्युल्याने सांगितलेले 31 महिने घेतले आणि अपेक्षेप्रमाणे 62 अपघात मोजले तर आर मध्ये:

```
poisson.test(62, T = 31)
```

रेंज येते 1.53 ते 2.56. खालची बाजू 0.47 वर, वरची 0.56 वर, म्हणजे वरच्या बाजूला आपलं अर्ध्याचं वचन मोडलं. 62 अपघात म्हणजे भरपूर डेटा, आता नॉर्मल चालेल असं वाटतं, पण पॉयसनचं शेपूट उजवीकडे लांब असतं आणि ते इतक्या आकड्यालाही जाणवतं. वरची बाजू 0.5 च्या आत आणायची तर 39 महिने लागतात (78 अपघात, वरची मर्यादा 2.496), 38 ला ती 2.503 असते, थोडक्यात हुकते.

आता हे आठ महिने जास्त द्यायचे का? माझं मत असं की अपघाताच्या कामात वरची बाजूच महत्त्वाची असते, कारण रेट प्रत्यक्षापेक्षा कमी समजला तर चौक सुरक्षित म्हणून सोडून दिला जातो. तुम्हाला नुसतं अंदाजपत्रक करायचं असेल तर 31 ठीक, पण "रेट इतक्यापेक्षा जास्त नाही" असं सही करून द्यायचं असेल तर 39 धरा. दुर्मिळ घटनांत तर हा फरक फार मोठा होतो. 4 च अपघात मोजले असतील तर नॉर्मल सांगतं 0.08 ते 7.92 आणि एक्झॅक्ट 1.09 ते 10.24, म्हणजे दोघं वेगळ्याच गोष्टी सांगतात आणि तिथे मी नॉर्मलकडे बघतही नाही.

तिसरा रस्ता सगळ्यात कमी वापरला जातो आणि मला तोच आवडतो. काळ ठरवायचा नाही, अपघातांचा आकडा ठरवायचा. चूक टक्क्यांत मागितली तर λ गळून जातो: 20 टक्क्यांच्या आत हवं तर 1.96 भागिले 0.2, त्याचा वर्ग, म्हणजे 96 घटना. 10 टक्के हवे तर 384. रेट 1 असो की 3, आकडा तोच, म्हणून सुरुवातीचा अंदाज चुकला तरी अचूकता बिघडत नाही. बिघडतो तो कॅलेंडर. रेट 3 असेल तर 32 महिन्यांत काम आटोपतं, 1 निघाला तर 96 महिने, म्हणजे आठ वर्षं, आणि एवढं थांबायला कोणी पगार देत नाही. मग वरून काळाची मर्यादा घालावी लागते, आणि ती सुरू करण्याआधीच लिहून ठेवायची, मध्येच "आता बरा दिसतोय" म्हणून थांबायचं नाही. अजून एक बारकावा, अशा वेळी काळ शेवटच्या अपघातालाच संपतो, त्यामुळे अपघातांचा ठरवलेला आकडा k धरला तर रेट k/T नाही तर (k−1)/T घ्यायचा. 96 ला फरक नगण्य आहे, पण 5 अपघातांवर थांबलात तर 5/T च्या जागी 4/T येतो, सरळ पाचवा हिस्सा कमी.

आता तिन्ही रस्त्यांच्या खालची जमीन, म्हणजे पॉयसन खरंच बसतोय का. नेहमी दाखवलं जाणारं उदाहरण बोर्टकिविझचं 1898 मधलं, प्रशियन घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेले सैनिक. 200 तुकडी-वर्षांत 122 मृत्यू, सरासरी 0.61 आणि व्हेरियन्सही 0.61, इतकं सुबक. आपल्या चौकात इतकं सुबक येईलच असं नाही, पावसाळा, सणासुदीची गर्दी, मध्येच चालू झालेलं खोदकाम, यामुळे काही महिने वेगळेच असतात. म्हणून जुन्या मासिक आकड्यांचा व्हेरियन्स भागिले सरासरी काढा. 1 च्या आसपास असेल तर वरचं सगळं लागू, 1.8 आला तर 31 महिने 1.8 ने गुणा, म्हणजे 56. मात्र सात-आठ महिन्यांच्या डेटावर हा भागाकार फार हलतो, त्यावर जास्त भरवसा नको, दोन-तीन वर्षं तरी हवीत. आणि मोजताना अपघात मोजा, मृत किंवा जखमी नाही, कारण एका जीपमध्ये पाच जण जखमी झाले की त्या पाच स्वतंत्र घटना नसतात आणि हा भागाकार तिथूनच फुगतो.

राहिला प्रश्न, मोजायला सुरुवात केली आणि एकही अपघात झाला नाही तर? फॉर्म्युला आणि तिसरा रस्ता दोन्ही इथे गप्प बसतात, फॉर्म्युला तर 0 अधिक-उणे 0 सांगतो. एक्झॅक्टला विचारा: 95 टक्के खात्रीची एकतर्फी वरची मर्यादा 3 भागिले काळ. 6 महिने शून्य म्हणजे रेट महिन्याला 0.5 पेक्षा जास्त नसावा एवढंच सांगता येतं, 0.1 च्या आत आहे असं म्हणायला 30 महिने शून्य लागेल.