बोली मराठीची तोंडी परीक्षा: रकाने की शिडी?

अमराठी प्रौढांना बोली मराठी शिकवणाऱ्यांची गाडी सहसा शिकवण्यात अडत नाही, गुण देण्यात अडते. ऐकण्या-बोलण्याच्या कृती जमून जातात, बदली होऊन आलेली बँकेतली माणसं किंवा केरळातून आलेल्या परिचारिका बोलायलाही लागतात, आणि मग सत्राच्या शेवटी परीक्षकासमोर कोणता कागद ठेवायचा हा प्रश्न येतो.

कागद दोन तऱ्हेचे. एक रकान्यांचा: उच्चार, ओघ, शब्द, व्याकरण, आकलन, प्रत्येकाला पाच गुण, खाली बेरीज. आयईएलटीएसची बोलण्याची परीक्षा साधारण याच जातीची आहे. तिथे चार निकष असतात आणि चारांना सारखं वजन. दुसरा कागद शिडीचा: संपूर्ण बोलणं ऐकायचं आणि एकच पायरी ठरवायची. अमेरिकेतल्या ॲक्टफल या संस्थेची ओपीआय मुलाखत अशी एकच पातळी देते. मी दोन्ही वापरले आहेत. आता माझ्याकडे शिडी आहे, पण रकान्यांना नावं ठेवण्याआधी त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

रकाने नव्या परीक्षकाला हाताला धरून नेतात. काय ऐकायचं ते कागदच सांगतो. विद्यार्थ्यालाही 'ओघात दोन, व्याकरणात चार' असं कळलं की पुढच्या महिन्यात कशावर घाम गाळायचा ते समजतं. सत्राच्या मध्यावर, नुसतं पाठीशी उभं राहण्यासाठी चाचणी घ्यायची असेल तर मी आजही रकानेच काढतो.

शेवटच्या परीक्षेत मात्र ते मला खटकले, आणि ते का खटकले हे एका कृतीवरूनच सांगतो.

ही कृती बँकेतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आधी एक ध्वनिमुद्रित निरोप ऐकवायचा, मग निरोप ठेवणाऱ्या काकूंना फोन लावायचा. निरोप असा: 'हॅलो, काल आलते मी पासबुक भरायला, तर तुमचं ते मशीनच बंद. शुक्रवारी येणार होते, पण नाही, शुक्रवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे. मग शनिवारी येते साडेदहाला. या शनिवारी उघडी असते ना हो बँक? मला जरा फोन करून कळवा.' विद्यार्थ्याच्या हातातल्या चिठ्ठीवर एवढंच असतं: आज मंगळवार, ९ तारीख. मशीन दुरुस्त झालं आहे.

गोम अशी की ९ ला मंगळवार म्हणजे १३ ला शनिवार, आणि तो महिन्यातला दुसरा. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. हे बँकेतल्या माणसाला मी शिकवायची गरज नाही. निरोपातला शेवटचा प्रश्न त्याच्या कानाने टिपला, तर उत्तर त्याच्याकडे आहेच. म्हणजे कृती परीक्षा घेते ती मराठीची, बँकिंगची नव्हे. अशी कृती परिचारिकांना दिली, तर त्या शनिवारच्या माहितीवर अडकतील आणि दोष मराठीला जाईल. त्यांच्यासाठी निरोप त्यांच्या वॉर्डातला हवा.

निरोप लिहून वाचायला दिला की बिघडतो, हे जाता जाता. वाचणारी व्यक्ती 'आले होते' असं स्वच्छ म्हणते, मध्ये अडखळत नाही आणि शुक्रवारवरून शनिवारवर येताना घसरत नाही. फोनवर माणसं तशी बोलत नाहीत. मी मुद्दे सांगतो आणि ओळखीच्या एखाद्या बाईंना त्यांच्या भाषेत बोलायला लावतो. दोन-तीनदा बोलल्या की एक निरोप चांगला मिळतो. विद्यार्थ्यांना तो दोनदा ऐकवतो, कारण खरा निरोपही माणूस पुन्हा लावून ऐकू शकतो.

आता दोन विद्यार्थी घ्या. पहिला हिंदी घरातला. त्याने फोन लावला आणि सुरू झाला: 'नमस्कार काकू, मी बँकेतून बोलतोय. काल तुम्हाला त्रास झाला ना? काही काळजी करू नका, मशीन चालू आहे. शनिवारी साडेदहाला आरामात या, मी तुमचा पासबुक लगेच भरून देतो.' दुसरी मल्याळी घरातली. ती थांबत थांबत म्हणाली: 'काकू, शनिवार बँक बंद. दुसरा शनिवार आहे. तुम्ही... सोमवार येणार? साडेदहा?' काकूंनी 'सोमवारी? बरं, पण मशीन?' असं विचारल्यावर: 'मशीन आता चालू. पासबुक आणा.'

रकान्यांत भरून बघा. पहिल्याला उच्चार ४, ओघ ५, शब्द ४, व्याकरण ३ आणि आकलन २ मिळाले, एकूण १८. दुसरीला ३, २, ३, २ आणि ५ मिळाले, एकूण १५. पंचवीसपैकी दोघंही उत्तीर्ण, आणि पहिला पुढे. त्याच्या काकू मात्र शनिवारी साडेदहाला ओढलेल्या शटरसमोर उभ्या.

इथे लगेच कोणीतरी सुचवतं की आकलनाला दुप्पट वजन द्या. मीही मांडून पाहिलं. तिसांपैकी पहिल्याचे २० होतात आणि दुसरीचेही २०. दोघं बरोबरीत आले, काकू तिथेच. वजन कितीही फिरवलं तरी बेरजेचा स्वभाव जात नाही. एका रकान्यातली तूट दुसऱ्या रकान्यातली शिल्लक भरून काढते. गोड आवाज चुकीच्या दिवसाची भरपाई करतो. मराठीच्या वर्गात हे जास्तच जाणवतं, कारण हिंदीभाषकाला ओघ आणि बरीचशी शब्दसंपदा घरून मिळालेली असते, तर दक्षिणेतल्या भाषांतून आलेल्याला तेच कष्टाने मिळवावं लागतं. आपण सत्रभर काय शिकवलं ते मोजण्याऐवजी माणूस कुठून आला ते मोजतो की काय, अशी शंका मला यायला लागली.

शिवाय पाच रकाने खरोखर पाच असतात का, हाही प्रश्नच आहे. थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात दाखवलं होतं की एका गुणाबद्दल चांगलं मत झालं की बाकीचे आकडेही त्याच्या मागे ओढले जातात. समोरासमोर बोलताना एका कानाने पाच गोष्टी ऐकणाऱ्या परीक्षकाचं वेगळं काय होणार? माझ्या जुन्या कागदांवर ४, ४, ४, ४, ३ अशा रांगा पुष्कळ सापडतील.

माझी शिडी अशी आहे. पायरी ४: काम झालं, आणि काकूंना काहीच पुन्हा विचारावं लागलं नाही. पायरी ३: काम झालं, एखाद-दोनदा विचारावं लागलं. पायरी २: काम झालं, पण कळीचा शब्द काकूंनी पुरवला. पायरी १: विषय कळला, काम अर्धवट राहिलं किंवा चुकीचं झालं. पायरी ०: संवादच उभा राहिला नाही. यात व्याकरण कुठेच नाही असं वाटेल, पण ते आहे. 'सोमवार येणार' हे कोण येणार म्हणून अडलं असतं, तर काकूंनी विचारलं असतं आणि पायरी उतरली असती. 'तुमचा पासबुक' कुणालाच अडवत नाही, म्हणून तो इथे काही कापत नाही. आपल्या उदाहरणात पहिल्याला १ आणि दुसरीला ३.

शिडीचं खरं काम काकूंची भूमिका करणाऱ्या माणसावर येऊन पडतं, आणि इथेच ती ढिली होते. दयाळू काकू विद्यार्थी अडखळला की 'सोमवारी येऊ म्हणताय का?' असं पटकन म्हणून मोकळ्या होतात आणि तीनची पायरी दोनवर आणतात. म्हणून काकूंनाही चिठ्ठी लागते. दिवस चुकीचा सांगितला तर फक्त एकदा 'नक्की ना?' म्हणायचं. विद्यार्थी गप्प झाला तर मनात पाच आकडे मोजायचे, मग 'हॅलो?' म्हणायचं. दिवसाचं नाव स्वतःहून कधीच घ्यायचं नाही, अपवाद फक्त संवाद पूर्ण ठप्प झाल्याचा, आणि तसं झालं की पायरी दोनच्या वर जात नाही. जमलं तर काकू वेगळ्या आणि गुण देणारा वेगळा असावा. एकट्याने वर्ग चालवणाऱ्याने संवाद मुद्रित करून नंतर ऐकलेला बरा.

दुसरी ढिलाई दोन आणि तीनच्या मधली. मदत कोणती आणि नुसतं विचारणं कोणतं, यावर दोन परीक्षकांचं जुळत नाही. व्याख्या लांबवून हे सुटत नाही असा माझा अनुभव. प्रत्येक पायरीचा एक मुद्रित नमुना, आणि दोन-तीनच्या सीमेवरचे दोन, परीक्षेआधी सगळ्यांनी मिळून ऐकले की मतभेद बरेच कमी होतात.

आणि शिडी एक गोष्ट सांगत नाही: पहिला विद्यार्थी एकवर का राहिला? ऐकलं नाही म्हणून, की ऐकूनही बोलता आलं नाही म्हणून? ऐकणं बोलण्यातूनच तपासलं की हा घोळ होतोच. त्यासाठी फोन लावण्याआधी मी एक छोटी चिठ्ठी भरून घेतो. काकूंची अडचण काय, त्या कधी येणार म्हणतात, त्यांनी काय विचारलं, असे तीनच प्रश्न, आणि उत्तर कोणत्याही भाषेत, कोणत्याही लिपीत. पहिल्याने 'शनिवार, साडेदहा' बरोबर लिहिलं होतं आणि तिसरी ओळ कोरी होती. त्याला बोलण्याचा सराव देऊन उपयोग नाही. निरोप शेवटपर्यंत ऐकण्याचा द्यायला हवा. हे निदान रकान्यांतल्या 'आकलन २' ने मला दिलं नसतं. चिठ्ठीचे गुण वेगळे राहतात, पायरीत मिसळत नाहीत.

तुमच्याकडे विद्यार्थी एकाच भाषेतून आलेले असतील, परीक्षक नवखे असतील आणि निकालापेक्षा सुधारणा महत्त्वाची असेल, तर रकाने घ्या. मी अडवणार नाही. फक्त 'आकलन तीनच्या खाली असेल तर बेरीज कितीही असो, अनुत्तीर्ण' अशी एक ओळ खाली लिहा. अर्थात ही ओळ लिहिलीत म्हणजे अर्धे शिडीकडे आलातच.

शिडी घेतलीत तर एक अडचण कार्यालयाकडून येईल. त्यांना शंभरपैकी गुण हवे असतात. पाच कृती, प्रत्येकी चार पायऱ्या, वीसपैकी गुण काढून पाचने गुणायचे, हा मोह टाळा. तसं केलं की बेरीज मागच्या दाराने परत येते आणि बँकेतल्या कृतीतली एक पायरी दुकानातल्या घासाघिशीतल्या चार पायऱ्यांआड लपते. मी अट ठेवतो: पाचपैकी किमान चार कृतींत पायरी ३, आणि कुठेही ० नाही. कार्यालयाला आकडा लागतोच, तो मग फक्त उत्तीर्ण झालेल्यांचा काढून देतो.